वीस ऑगस्ट

"ताई, तुम्ही फक्त स्टेजवर या, हार घाला आणि दोन शब्द बोला," मुख्याध्यापक सुरवसे सर मला तिसऱ्यांदा सांगत होते. "वेळ कमी आहे. पाहुण्यांना पुण्याला परत जायचंय."

"दोनच बोलते सर," मी म्हटलं. "जास्त बोलायची मला सवय नाही."

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा तो कार्यक्रम. भूमला शाळेच्याच मैदानावर मंडप घातला होता. पेढे माझ्या भट्टीतले, खुर्च्याही मीच सांगितल्या होत्या. प्रमुख पाहुणी वसुधा पाठक. तिला बोलवा, हेही सुरवसे सरांना मीच सुचवलं होतं. सर खूश झाले. एवढी मोठी व्याख्याती, इंटरनेटवर लाखो लोक ऐकतात, आणि शिकली याच शाळेत.

वसुधा बार्शी रोडवरून आलेल्या पांढऱ्या गाडीतून उतरली, तेव्हा मी मंडपाच्या दाराशी होते. तिनं मला बघितलं आणि हात पसरले.

"पदे! अगं, कशी आहेस? काहीच बदलली नाहीस!"

मी पार बदलले होते. खव्याच्या भट्टीवर रोजानं कढई ढवळणाऱ्या माणसाची पोर होते, आता माझ्या स्वतःच्या दोन भट्ट्या होत्या. पण ती म्हणाली तसं मी हसले.

"चल," ती माझ्या कानाशी म्हणाली, "आज मी आपली ती गोष्ट सांगणारेय. तू समोर असताना सांगायला काय मजा येईल!"

"सांग की," मी म्हटलं. "तेवढ्यासाठीच तर सगळा घाट घातलाय."

ती गोष्ट काय, ते आधी सांगायला हवं.

वसुधा आमच्याच गल्लीतली. तिचे वडील हायस्कूलला मास्तर. आम्ही चौथीत होतो तेव्हा तिच्या वाढदिवसाला काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, पाटावर बसवून तिला ओवाळलं. मी बाजूला उभी होते. ओवाळून झाल्यावर काकूंनी विचारलं, "पदे, तुझा वाढदिवस कधी गं?"

"एक जून," मी म्हटलं.

वसुधा खो खो हसली. "आई, अर्ध्या वर्गाचा एक जूनच आहे! शिंद्यांच्या सुनीताचा, मोमीनच्या रेहानाचा, सगळ्यांचा!"

तेव्हा शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला पोराची तारीख ठाऊक नसली, की गुरुजी मनानंच एक जून टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, हिशोबाला ते सोपं पडायचं. आमच्याकडं वाढदिवस हा प्रकारच नव्हता, त्यामुळं कुणाचं काही अडत नव्हतं.

वसुधाचं मात्र अडलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून ती थेट माझ्या घरी आली आणि माझ्या आयला विचारलं, "मावशी, पदी कधी झाली?"

आय भाकरी थापत होती. "आता काय सांगू बाय? पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाली. बैलाच्या गळ्यातल्या माळा अजून तशाच हुत्या. सकाळी धार काढायला बसले आन् पोटात कळ आली."

वसुधानं मला हाताला धरून मंदिरात जोशीबुवांकडं नेलं. त्यांच्याकडं जुनी पंचांगं असायची. "बुवा, आम्ही जन्मलो त्या साली पोळा कधी होता?" बुवांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि म्हणाले, "एकोणीस ऑगस्ट."

"म्हणजे पदी वीसची!" वसुधा देवळातच ओरडली. मला तिनं घट्ट मिठी मारली. येताना गल्लीभर सांगत आली, पदीचा वाढदिवस सापडला, पदीचा वाढदिवस सापडला. जणू माझी हरवलेली शेळीच सापडली होती.

पुढच्या वीस ऑगस्टला काकूंनी मला त्याच पाटावर बसवलं, ओवाळलं, शिरा केला. वसुधानं लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बैल काढला होता. बैलाच्या शिंगांवर लिहिलं होतं, 'पदे, तू खरी आज जन्मलीस. हे फक्त मला माहीत आहे.'

गल्ली चार दिवसांत विसरली, लक्षात ते खरंच फक्त तिच्याच राहिलं. शाळेत, रेशन कार्डावर, पुढं आधार कार्डावर, सगळीकडं मी एक जूनची. वीस ऑगस्टची मी वसुधापुरती होते.

दहावीनंतर ती पुण्याला शिकायला गेली. मग आंतरदेशीय पत्र यायचं. वीसलाच मिळावं म्हणून ती सोळालाच पेटीत टाकायची. एकदा ते एक दिवस आधी आलं, तर मी रात्रभर न फोडता उशीखाली ठेवलं. निळ्या कागदाच्या तिन्ही घड्यांवर बारीक अक्षर, आणि दुमडून चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा आडवं काहीतरी लिहिलेलं. हॉस्टेलमधल्या भांडणाबद्दल, कुणीतरी आवडतंय त्याबद्दल. तिच्या तीन डिसेंबरला मीही लिहायचे. माझं अक्षर मोठं, त्यामुळं कागद लवकर संपायचा.

लग्नं झाली. तिच्या नवऱ्याची बदली कधी नाशिकला, कधी बडोद्याला. पत्रं थांबली, पण वीस ऑगस्टला आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन यायचा. दुकानदार हाक मारायचा, "पद्मिनीवैनी, तुमच्या मैत्रिणीचा फोन!" मी धावत जायचे. एसटीडीचं मीटर पळतंय म्हणून ती भरभर बोलायची, मी नुसतं हुं हुं करायचे. शेवटी म्हणायची, "खरी आज जन्मलीस, लक्षात आहे ना?"

मग मोबाइल आले. पहिली काही वर्षं एसेमेस यायचा, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत. 'Pade, khari aaj janmalis.' तेवढंच, पण वीसला. मग व्हॉट्सॅप आलं. आधी ती बोलून पाठवायची, मग लिहून, मग केकचं चित्र. एका वर्षी चित्राच्या वर 'फॉरवर्डेड' असं आलं. मी म्हटलं, असू दे, दिवस तर चुकला नाही. तिच्या वाढदिवसाला मी लांबलचक लिहायचे. भट्टी टाकली ते, सासू गेली ते, पोरगी कीर्ती बारावीला बसली ते. आधी ती प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायची. पुढं पुढं नुसते जोडलेले हात यायला लागले.

तोपर्यंत ती व्याख्यानं द्यायला लागली होती. 'नाती जपताना' असं तिच्या कार्यक्रमाचं नाव. गावोगाव, कंपन्यांत, महिला मंडळांत.

मग कीर्तीनं मला फेसबुकवर आणलं. नाव घातलं, भट्टीचा फोटो टाकला. जन्मतारीख विचारली तेव्हा माझ्या हातात आधार कार्ड होतं. मी एक जून सांगितली. पोरीनं तीच टाकली.

त्या वर्षी एक जूनला सकाळीच वसुधाचा मेसेज आला. 'हॅपी बर्थडे डिअर! स्टे ब्लेस्ड!' पुढं फुगे आणि केक.

मी मोबाइल हातात धरून बसले. कळलं मला. फेसबुक सकाळी सगळ्यांना सांगतं की आज अमक्याचा वाढदिवस, शुभेच्छा द्या. त्यानं तिला सांगितलं, तिनं दिल्या. 'अगं, आज नाही गं' असं मी लिहिलं. पाठवायच्या आधी पुसलं. म्हटलं, घाईत असेल. वीसला आठवेल.

वीस ऑगस्टला काही आलं नाही.

मी दुसऱ्या दिवशीही वाट बघितली. त्यानंतर माझ्या मनात काहीतरी गोठलं. पुढच्या एक जूनला पुन्हा फुगे आले. मी लिहिलं, 'थँक्यू वसू.' त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही. ती जेवढी चुकेल तेवढी चुकू द्यायची, असं मी ठरवलं होतं. का ठरवलं, त्याचं काय करायचं, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

ते कळलं बार्शीच्या एका व्यापाऱ्यामुळं. खवा घ्यायला आला होता. पैसे देता देता म्हणाला, "ताई, ती व्हिडिओतली पदी तुमीच व्हय?"

"कुठला व्हिडिओ?"

त्यानं मोबाइल पुढं केला. मोठं सभागृह, प्रकाशाच्या झोतात वसुधा. "माझी एक मैत्रीण होती, पदी," ती सांगत होती. "वडील भट्टीवर मजूर. घरात खायला नाही. त्या मुलीला वाढदिवससुद्धा नव्हता हो! शाळेनं दिलेली खोटी तारीख होती. मी, दहा वर्षांची मी, तिच्यासाठी वाढदिवस शोधून काढला." मग बैल, माळा, जोशीबुवा. लोक डोळे पुसत होते. शेवटी आवाज बारीक करून ती म्हणाली, "आज ती कुठंही असली, तरी त्या दिवशी तिला पहिला मेसेज माझाच जातो. नातं जपणं म्हणजे दुसरं काय असतं?"

टाळ्या थांबेनात.

"लई भारी बोलत्यात," व्यापारी म्हणाला. "आमची मंडळी तर रडली. ताई, तुमच्याकडं खरंच तवा खायला नव्हतं का?"

"होतं," मी म्हटलं. "भाकरी होती. खवा मोजून घ्या."

माझ्या घरात आणि माझ्या बापाच्या कष्टात तिनं लोकांना नेऊन फिरवलं होतं, तेही एक वेळ सोसलं असतं. पण माझ्याजवळ त्या दिवसाएवढी एकच गोष्ट होती जी फक्त आमच्या दोघींची होती. ती तिनं विकायला काढली, आणि स्वतः तो दिवस विसरून गेली.

म्हणून मी सुरवसे सरांना तिचं नाव सुचवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी गाडी घेऊन काकूंकडं गेले. काका गेल्यापासून त्या गल्लीतल्या त्याच घरी एकट्या राहायच्या. पुण्यात त्यांचा जीव रमत नव्हता. त्यांचं दूध रोज माझ्याकडून जायचं. काकू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून तयारच होत्या.

"पदे, वसू बोलणार, होय गं? मी कधी प्रत्यक्ष ऐकलंच नाही तिला."

"आज ऐका काकू. पहिल्या रांगेत बसवते."

मी त्यांना हाताला धरून मधल्या खुर्चीवर बसवलं. पायाखाली सतरंजी घडी करून दिली.

वसुधा सुरेख बोलली, हे खोटं सांगणार नाही. गावची भाषा आणली, मास्तरांच्या आठवणी सांगितल्या. लोक हसले, मग गप्प झाले. आणि मग तिनं ती गोष्ट काढली. तोच आवाज, तेच थांबे. "शाळेनं दिलेली खोटी तारीख होती," म्हणताना तिनं माझ्याकडं हात केला. काकू पदरानं डोळे टिपत होत्या. शेवटचं वाक्यही आलं, पहिला मेसेज माझाच जातो. आणि मग, "पदे, ये ना वर!"

मंडपभर टाळ्या. मी वर गेले. हार घातला. तिनं मला जवळ घेतलं, फोटो निघाले. सुरवसे सरांनी माईक माझ्या हातात दिला.

"वसुधानं सांगितलं ते सगळं खरं आहे," मी म्हटलं. "माझा वाढदिवस तिनंच शोधला. तिच्याशिवाय तो कुणाला माहीत नव्हता. आज एवढी माणसं जमलीत, तर म्हटलं सगळ्यांनाच कळू दे. वसू, सांग ना. कधी असतो माझा वाढदिवस?"

मी माईक तिच्यासमोर धरला.

ती हसली. जराही थांबली नाही. "एक जून!"

टाळ्या वाजायला दोनचार हात उचलले गेले, ते तसेच राहिले. मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, एक जून तर माझाबी हाय!"

"माझाबी!"

"ती शाळेचीच की हो तारीख!"

मंडप हसायला लागला. पहिल्यांदा वसुधाही हसली, तिला वाटलं लोक खूश झाले. मग तिला कळलं. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, एक क्षणही नजर काढली नाही. चार वर्षं मी त्या चेहऱ्याची वाट बघत होते.

"म्हणजे... नाही, सॉरी... पोळा... ऑगस्ट ना? पंधरा... पदे, ऑगस्टच ना गं?"

माईक तसाच धरून ठेवला. मंडपात आता कुणी हसत नव्हतं. समोर दहाबारा मोबाइल वर झाले होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेत काकू उठल्या. खुर्चीच्या हाताला धरून.

"वीस, वसू," त्या म्हणाल्या. "वीस ऑगस्ट. आपण शिरा केला होता बाळा."

माईक नसतानाही ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

मी माईक परत माझ्या तोंडाशी आणला. "चार वर्षं तिचा मेसेज एक जूनलाच येतो," मी म्हटलं. "फेसबुक आठवण करून देतं म्हणून. ज्यांना बघायचे असतील त्यांना दाखवते. बाकी पेढे घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका." माईक सुरवसे सरांच्या हातात देऊन मी खाली उतरले.

पाहुण्यांसाठी सातवी 'अ'च्या वर्गात चहा ठेवला होता. वसुधा तिथं आली आणि दार लोटून घेतलं. हार अजून गळ्यात होता.

"मला फोनवर सांगता आलं नसतं?"

"आलं असतं."

"पहिल्याच वर्षी म्हणायचं होतंस, आज नाही म्हणून. मी लगेच सुधारलं असतं."

"फेसबुकनं सांगितलेलं लक्षात राहतं तुझ्या. मी सांगून काय होणार होतं?"

"म्हणजे मुद्दाम थांबलीस?" ती माझ्याकडं बघत राहिली. "पेढे, मंडप, आमंत्रण... हे सगळं मला इथं उभं करायला?"

"हो."

"वर्षाला शंभर माणसांना मेसेज जातात माझे, पदे. डोकं चालत नाही. चुकले. पण एवढं? लोकांसमोर? माझं पोट त्याच्यावर चालतं."

"मग माझं नाव घालून कशाला चालवलंस? 'खायला नव्हतं' म्हणालीस. माझ्या आयनं तुला भाकरी नव्हती दिली कधी?"

ती अगदी हळू म्हणाली, "दिली होती. लसणाच्या चटणीबरोबर."

तेव्हा एक क्षण मला वाटलं, तिचा हात धरावा. पण मला तो धरायचा नव्हता. मी दार उघडलं. "तुझी गाडी थांबलीय," म्हटलं.

तो व्हिडिओ त्याच आठवड्यात सगळीकडं फिरला. 'एक जून मॅडम' असं लोकांनी तिचं नाव पाडलं. तिचे बरेच कार्यक्रम रद्द झाले. काही महिन्यांनी ती पुन्हा बोलायला लागली, पण 'नाती जपताना' नाही, दुसऱ्याच कुठल्या विषयावर. आम्ही दोघींनी एकमेकींना पुन्हा कधी मेसेज केला नाही. एक जूनला नाही, वीस ऑगस्टला नाही आणि तीन डिसेंबरलाही नाही.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर काकूंना सोडायला मीच निघाले. बाजारपेठ गेली, देऊळ गेलं. घरासमोर गाडी थांबली तरी त्या उतरेनात.

"काकू, तुम्ही रागावलात?"

"तिचं चुकलंच," त्या समोर बघत म्हणाल्या. "पोटची पोर आहे म्हणून मी नाही म्हणणार नाही. तू तिला मारलंस, ते तुमचं तुम्ही बघा. पण पदे, मला कशाला नेलंस गं गाडीत घालून? मी तुलाही त्याच पाटावर बसवलं होतं ना?"

मी त्यांना नेलं ते मायेनं, असं मी तेव्हाही स्वतःला सांगत होते.

त्या उतरल्या. फाटकाची कडी काढताना मागं वळून म्हणाल्या, "उद्यापासून दूध नको पाठवू. मी जगतापांकडून घेईन."

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. दहाव्याला वसुधा घाटावर होती, मी लांब झाडाखाली उभी होते. तिनं मला बघितलं, मी तिला. कुणीही पुढं आलं नाही.

कीर्ती कधीकधी विचारते, "आई, तुला कधीच वाईट नाही वाटत?" वसुधाबद्दल नाही वाटत. परत तशी वेळ आली तर मी परत माईक हातात घेईन आणि तोच प्रश्न विचारीन. फक्त त्याआधी काकूंना घरी सोडून येईन.